स्पीकरची पाठ फुगली, पण आवाज मात्र अजून छान

प्रश्न: माझा ब्लूटूथ स्पीकर तीन वर्षं जुना आहे. टेबलावर कायम चार्जरला लावलेलाच असतो. गेल्या आठवड्यापासून मागचं झाकण उचललं गेलंय, फटीत नख जातं. आवाज अजून छान येतो, चार्जही होतो. झाकण दाबून चिकटपट्टी लावली तर चालेल का? की आधी गाणी वाजवून बॅटरी पूर्ण उतरवू? आणि टाकायचा झाला तर कसा टाकायचा?

उत्तर:

चिकटपट्टी लावू नका आणि बॅटरी उतरवण्याच्या भानगडीतही पडू नका. आधी चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद करा, मग स्पीकरमधून वायर हलक्या हाताने काढा. स्पीकर चालू असेल तर बंद करा आणि ‘बघू या अजून चालतोय का’ म्हणून पुन्हा चालू करू नका. मग हाताची पाठ त्याच्याजवळ नेऊन ऊब लागते का ते पाहा. गार असेल, कसला वास नसेल, आतून फुसफुस ऐकू येत नसेल, तर हातात वेळ आहे. पुढचं वाचून सावकाश करा. ऊब लागली किंवा वास आला तर स्पीकरला हात न लावता खोलीबाहेर जा आणि खाली धुराबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

झाकण आतल्या बॅटरीचा सेल फुगल्यामुळेच उचललंय का, ही शंका रास्त आहे. बऱ्याच स्पीकरना पाठीला किंवा बाजूला रबराचा पडदा आणि त्यावर एक चकती असते. ती हवेच्या दाबाने हलण्यासाठीच बसवलेली असते, ती थोडी पुढे-मागे दिसली तर काळजी नाही. जुना गोंद सुटला तर झाकणाची फक्त कड उचलते, मधला भाग सपाट राहतो. सेल फुगला की झाकणाला मधोमध पोट येतं, त्या पोटाजवळची फट सगळ्यात रुंद असते आणि स्पीकर पाठीवर सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो. आणखी एक खूण कानाने कळते. खोक्याची हवाबंद जोडणी उघडल्यामुळे खर्ज पातळ होतो आणि जोरात वाजवल्यावर फटीतून फरफर येते. तुम्हाला आवाज छान वाटतोय, म्हणजे फट अजून लहान असावी. पण हे तपासायला आता स्पीकर वाजवू नका, आधी कधी जाणवलं होतं का तेवढं आठवून पाहा. शंका उरलीच तर सेल फुगला आहे असंच धरून चला. अंदाज चुकला तर एक चांगला स्पीकर चार दिवस बाहेर पडून राहील, एवढंच.

आता आत काय झालंय ते. मोठ्या स्पीकरमध्ये कधीकधी गोल, पोलादी डबीतले सेल असतात. ते असे फुगत नाहीत, दाब वाढला तर त्यांच्या टोकाची झडप फुटते. झाकण उचलणारा सेल बहुतेक वेळा चपट्या पिशवीतला असतो. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या पातळ थरांची ती पिशवी, तिच्यात तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पत्री एकाआड एक गुंडाळलेली किंवा रचलेली. दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो आणि तो साधारण 20 मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो. आपला केस सुमारे 70 मायक्रॉनचा धरला तर तो पडदा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक झाला. सगळा सेल सुरक्षित राहतो तो या पडद्याच्या जिवावर. आणि हे सगळं एका ज्वलनशील द्रावणात भिजलेलं असतं.

हे द्रावण कायम टिकत नाही. सेल पूर्ण भरलेला असताना, म्हणजे 4.2 व्होल्टच्या आसपास, ते हळूहळू विघटित होत राहतं, आणि उष्णता मिळाली की हा वेग वाढतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. पिशवी सीलबंद असल्याने त्यांना जायला वाट नसते. कायम चार्जरला लावलेला स्पीकर म्हणजे सेलसाठी नेमकी हीच परिस्थिती. पातळी जरा उतरली की चार्जिंगचं सर्किट पुन्हा वरपर्यंत भरतं, आणि बंद खोक्यात ॲम्प्लिफायरची ऊब शेजारीच. तीन वर्षं तो असा काठोकाठ भरून कोमट कोंडलेला राहिला. एखादा सेल अगदी रिकामा करून महिनोन्महिने पडून राहिला तरी फुगतो, पण त्यामागचं कारण वेगळं. तुमच्याकडे तसं झालेलं नाही.

‘पण सेलवर संरक्षणाचं सर्किट असतं ना?’ असं मला दर वेळी विचारतात. असतं. सेलच्या डोक्याशी, पिवळ्या टेपखाली, नखाएवढी पट्टी असते. व्होल्टेज साधारण 4.25 ते 4.3 च्या वर गेलं, अडीच व्होल्टच्या आसपास खाली आलं किंवा करंट अचानक फार वाढला तर ती सेलची जोडणी तोडते. पण पिशवी किती फुगली आहे हे तिला कळायचा मार्गच नाही. तिच्या दृष्टीने व्होल्टेज ठीक म्हणजे सगळं ठीक. म्हणूनच तुमचा स्पीकर निमूटपणे चार्ज होतोय. आवाज छान येतो यातून एवढंच कळतं की सेल अजून वीज देतोय. पडदा कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यातून कळत नाही.

मध्यंतरी माझ्या बाकावर अगदी असाच एक स्पीकर आला होता. मालकाने झाकण दाबून चारही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली होती, वर दोन रबरबँड. चिकटपट्टी कापल्याबरोबर झाकण आपोआप वर आलं. सेलवर 805060 असा आकडा छापलेला होता. अशा सेलवर बहुतेक वेळा मापच लिहिलेलं असतं: जाडी 8.0 मिलिमीटर, रुंदी 50, लांबी 60. प्लास्टिकच्या कॅलिपरने, न दाबता, पोटाजवळ मोजलं तर जाडी 14 भरली. मीटर लावला तर 3.97 व्होल्ट, म्हणजे मीटरच्या हिशेबी ठणठणीत तब्येत. मग टेबलदिवा तिरका धरून पिशवी पाहिली. झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूसाठी प्लास्टिकचा जो खुंट असतो, त्याचा गोल ठसा पिशवीत खोल उमटला होता. ठशाच्या कडेला चंदेरी थरावरचा मुलामा सुरकुतून पांढरा पडला होता. चिकटपट्टीचा सगळा जोर त्या एका खुंटावर जात होता, आणि खुंटाच्या खाली तोच केसाहून बारीक पडदा.

हा सेल 3000 मिलीॲम्पिअर-तासांचा होता. 3.7 व्होल्टने गुणलं की 11.1 वॉट-तास होतात. एवढ्या ऊर्जेत साधारण 120 मिलिलिटर गार पाणी, म्हणजे छोटा कपभर, उकळीला येतं. सावकाश खर्च केली तर काहीच नाही, गाणी वाजवण्यात तास न् तास जातात. पडदा फाटून दोन पत्र्या एकमेकींना टेकल्या, की यातला मोठा हिस्सा काही सेकंदांत एका जागी उष्णता होऊन बाहेर येतो. वर ते द्रावण पेटतं, त्याची आग या हिशेबात धरलेलीच नाही.

फुगलेल्या सेलला दाबू नये याचं आणखी एक कारण आहे. वायूमुळे थर एकमेकांपासून सुटतात. जिथे ते अजून टेकलेले आहेत, तिथूनच सगळा करंट जाऊ लागतो. अशा वेळी चार्जिंग चालू ठेवलं तर त्या जागी लिथियमचा धातू पत्रीवर बसू लागतो आणि तो सपाट बसेलच असं नाही, टोकं काढत वाढू शकतो. म्हणून चार्जिंग आधी थांबवायचं. झाकण दाबणं ही त्यापुढची चूक, कारण ती टोकं तुम्ही स्वतःच्या हाताने पडद्यात खुपसत असता.

आता बॅटरी उतरवण्याबद्दल. सेल जितका रिकामा, तितका त्याचा भडका कमी, हे खरं आहे, त्यामुळे तुमचा विचार अगदीच चुकीचा नाही. पण गाणी वाजवून उतरवायचा म्हणजे आधीच बिघडलेल्या सेलमधून तासन् तास करंट काढायचा, त्याला आतून ऊब द्यायची आणि तेवढा वेळ त्याच खोलीत बसायचं. आम्ही गरज पडली तर हे उघड्यावर करतो. सेल वाळूवर ठेवून, रेझिस्टर लावून, अगदी मंद करंटने, दूर उभं राहून. घरी ते जमण्यासारखं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपायही तुमच्या कानावर येईल. पिशवी बंद असल्याने पाणी फक्त बाहेरच्या टोकांना लागतं. ती टोकं गंजून तुटतात, आणि आत चार्ज तसाच राहतो. मग मीटर शून्य दाखवतो, आणि आपण फसतो.

टाचणी टोचून हवा काढणं हा तिसरा ‘घरगुती’ उपाय. सुरुवातीच्या काळात मी तो जवळजवळ करून बसलो होतो. टोचलं नव्हतं, पण गोंदाने चिकटलेला फुगीर सेल पोलादी पातीने उचकटत होतो आणि पातीचं टोक पिशवीला लागलं. बारीक फुस्स असा आवाज आला, नखांची पॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आला आणि बोटांखाली पिशवी मऊ पडली. जेमतेम सुचलं ते एवढंच की खोक्यासकट अंगणातल्या वाळूच्या बादलीत टाकावं. मी आत वळेपर्यंत मागून धूर यायला लागला होता. आतला वायू पेट घेणारा, आणि बाहेरच्या हवेतला ओलावा आतल्या क्षाराला भेटला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, जे डोळ्यांना, फुप्फुसांना आणि कातडीला चांगलंच झोंबतं. तेव्हापासून फुगलेल्या सेलजवळ माझ्या हातात पोलादी पात आलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा की स्पीकर उघडू नका. सेल बाहेर काढण्यापेक्षा तो आहे तिथे, खोक्यातच असलेला बरा. खोकं त्याला धारदार वस्तूंपासून आणि तुमच्या बोटांपासून वाचवतं. स्क्रू सैल करायलाही जाऊ नका, स्क्रूड्रायव्हर निसटला तर जातो तो सरळ फटीतच. झाकण आधीच पूर्ण निघून पडलं असेल तर ते परत बसवू नका, आणि सेलच्या वायरी तर कापूच नका. दोन्ही वायरी एका पात्यात सापडल्या तर तिथेच शॉर्ट होतो.

ठेवायचं कसं, तर एखादी पत्र्याची बादली, मोठा धातूचा डबा किंवा मातीची रिकामी कुंडी घ्या. तळाला चार बोटं कोरडी वाळू टाका. वाळू नसेल तर कोरडी माती चालेल, पण भुसा, कागद, कापड नको. स्पीकर दोन्ही हातांनी कडांना धरून, फुगलेली बाजू वर करून, त्यावर बसवा. पोटाला बोट लावू नका आणि बाजूंनी वाळू सोडा. वर वजन ठेवायचं नाही. पावसाची किंवा पानं पडण्याची भीती असेल तर वर पत्रा नुसता टेकवून ठेवा, घट्ट झाकण लावू नका. वायू निघाला तर त्याला वाट हवी, नाहीतर डबाच फुटतो.

ही बादली घराबाहेर सावलीत, सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर ठेवा. दोन मीटरच्या आत पडदे, लाकूड, सुकी पानं, गाडी यातलं काही नको. उघड्या खिडकीखाली नको, आणि जिन्यात किंवा दाराच्या वाटेवर तर नकोच. रात्री काही झालं तर तुम्हाला त्याच वाटेने बाहेर यायचं असतं. बाहेर जागा नसेल तर बाल्कनीचा कोपरा, आणि आतलं दार बंद. फ्रिजमध्ये ठेवू का, असं विचारणारेही असतात. नका ठेवू. बंद जागेत वायू साठतो, आणि बाहेर काढल्यावर दंव जमून पाणी फटीत जातं. सकाळ-संध्याकाळ लांबून नजर टाका. गार रात्री पोट जरा बसल्यासारखं वाटलं तर वायू आकसला एवढाच त्याचा अर्थ, सेल बरा झालेला नसतो.

धूर, फुसफुस, तडतड किंवा तो गोडसर वास आला तर स्पीकर उचलून बाहेर फेकायचा मोह होतो. माझी बादली हाताशी होती आणि धूर सुरू व्हायचा होता, म्हणून निभावलं. धूर दिसल्यावर उचलू नका. सेलमधून ज्वाळा एका बाजूने झोतासारखी येते आणि ती बाजू कोणती, हे आधी कळत नाही. घरातल्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला फोन करा. धुरात श्वास घेऊ नका, खिडकी उघडायलाही आत जाऊ नका. बादली आधीच बाहेर उघड्यावर असेल, चार्जरला काही जोडलेलं नसेल आणि आजूबाजूला पेट घेण्यासारखं काही नसेल, तर वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून लांबून भरपूर पाणी ओतायला हरकत नाही. लिथियमवर पाणी घालू नये हा नियम लिथियम धातूच्या बॅटऱ्यांसाठी आहे. या सेलमध्ये धातू असलाच तर नगण्य, आणि इथे खरी गरज गार करण्याची असते. पावडरीचा अग्निशामक ज्वाळा विझवतो, पण आतली उष्णता तशीच राहते आणि सेल पुन्हा पेटतो. विझल्यावरही तासभर तरी जवळ जाऊ नका आणि ते आत आणू नका. आतला द्रव हाताला लागलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांना ‘लिथियम बॅटरीतला द्रव’ असं स्पष्ट सांगा.

टाकायच्या बाबतीत पहिली गोष्ट, घरच्या कचऱ्यात नाही. कचऱ्याची गाडी माल दाबते आणि तिथेच हे सेल फुटून आगी लागतात. ई-कचरा किंवा बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राला आधी फोन करा आणि ‘फुगलेली लिथियम बॅटरी, उपकरणाच्या आतच आहे’ असं सांगा. बरीच केंद्रं असा माल इतर बॅटऱ्यांपासून वेगळा घेतात, त्यामुळे दारातल्या पेटीत टाकून निघून येऊ नका, माणसाच्या हातात द्या. टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्यांना विमानात तर बंदीच आहे. गाडीने नेताना बादली वाळूसकट पायाशी ठेवा, काच थोडी खाली करा, आणि वाटेत दुसरी कामं काढून गाडी उन्हात उभी करू नका. हे सगळं या दोन-तीन दिवसांत उरका. बादलीत आहे म्हणून महिनाभर विसरायचं, असं होऊ देऊ नका.

स्पीकर जिवापाड आवडता असेल तर तो वाचतो. बिघडलेला असतो फक्त सेल, बाकी भाग बहुतेक वेळा शाबूत असतात. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधी फोनवर सेल फुगलाय हे सांगा, मगच घेऊन जा. नवा सेल निवडताना तीन गोष्टी त्याला विचारा: संरक्षणाची पट्टी आहे ना, वायरी जुन्याइतक्याच आहेत ना आणि जाडी किती. तीन वायरी असतील तर तिसरी सहसा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. ती नुसती मोकळी सोडणारा किंवा तिच्या जागी रेझिस्टर डकवून देणारा कारागीर टाळा. जाडीचं म्हणाल तर जुना सेल 805060 असेल तिथे 755060 चालेल, वाजण्याचा वेळ थोडा कमी होईल एवढंच. जास्त तास वाजावा म्हणून 855060 कोंबू देऊ नका. चांगला सेलही वयानुसार थोडा जाड होतो, त्याला झाकणाखाली मिलिमीटरभर मोकळी जागा लागते. ती नसेल तर पहिल्या दिवसापासून स्क्रूचा खुंट पिशवीवर टेकलेला असेल.